पडत्या मार्केटमधले कप अँड हँडल खोटे का निघतात?

प्रश्न: कप अँड हँडल बघून एंट्री घेतो. मार्केट चांगलं होतं तेव्हा बरेच चालले, पण आता एकामागून एक ब्रेकआउट फेल होतायत. कुठे वाचलं की मंदीत कप ५० टक्के खोल असला तरी चालतो, कुठे वाचलं ३३ च्या वर घ्यायचाच नाही. नक्की किती खोल आणि किती दिवसांचा कप धरायचा? आणि खोटा आधीच ओळखता येतो का?

उत्तर:

बऱ्याच वेळा ओळखता येतो, पण आकार बघून नाही. आधी एक गोष्ट करा, ज्या चार्टवर कप दिसतोय तो चार्ट मागे सरकवा, दोन अडीच वर्षं तरी. मग बघा कपाचा डावा काठ नक्की कुठे येतोय. तो काठ म्हणजे मोठ्या तेजीनंतरचा उच्चांक आहे, की आधीच पडत आलेल्या शेअरने मधे घेतलेल्या एखाद्या उसळीचं टोक आहे? पडत्या मार्केटमधले निम्म्याहून जास्त कप माझ्या हिशोबाने इथेच बाद होतात, पुढे काही मोजायची गरजच पडत नाही. कप हा तेजीतला विसावा आहे, त्यामुळे आधी तेजी पाहिजे, किमान ३० टक्क्यांची तरी. अमेरिकन गुंतवणूकदार आणि लेखक विल्यम ओनीलने हा पॅटर्न १९८८ च्या सुमाराला लोकांपुढे आणला तेव्हाही ही अट होतीच, पण बशीसारखा गोल आकार डोळ्यात भरतो आणि ही अट लोक विसरून जातात.

आणि डोळ्यावर विश्वास का ठेवायचा नाही त्याचं एक अगदी साधं कारण आहे. चार्टचं सॉफ्टवेअर उभी स्केल आपोआप विंडोत बसवतं, त्यामुळे १० टक्क्यांची घसरण आणि ५० टक्क्यांची घसरण स्क्रीनवर सारख्याच उंचीच्या दिसतात, दोन्ही सुंदर कप. म्हणून खोली कायम टक्क्यात मोजायची, काठाचा वरचा भाव आणि तळाचा खालचा भाव घेऊन, आणि चार्ट लॉग स्केलवर ठेवायचा. साधा वीकली चार्ट लावा, डेली नंतर बघू.

आता खोलीचं. नेहमीचं माप १२ ते ३३ टक्के असं सांगतात आणि ते बरोबरच आहे. १२ पेक्षा कमी असेल तर तो कप नाही, फ्लॅट बेस वगैरे काहीतरी आहे, त्याचे नियम वेगळे. ३३ च्या वर गेलं की गणित अंगावर येतं. ३३ टक्के पडलेल्या शेअरला जुन्या भावाला यायला ५० टक्के चढावं लागतं आणि ५० टक्के पडलेल्याला १०० टक्के. म्हणजे खोल कपाचा उजवा काठ येईपर्यंत तळाला घेतलेल्या माणसाचे पैसे दुप्पट झालेले असतात आणि तो विकायच्या तयारीतच बसलेला असतो. त्यात वर जुने अडकलेले, जे कित्येक महिने "माझे पैसे सुटले की बाहेर पडतो" म्हणत बसलेत. दोघेही नेमके एकाच भावाला विकायला येतात, काठावर. उथळ कपात पण हे होतं, पण तिथे तळाच्या माणसाचा नफा कमी असतो आणि अडकलेल्याचा जीव तितका मेटाकुटीला आलेला नसतो म्हणून माल कमी सुटतो.

मग मंदीत ५० टक्के चालतं हे कुठून आलं? ते खोटं नाहीये पण अर्धवट वाचलं जातं. ती सूट इंडेक्सच्या मानाने आहे. चांगला शेअर करेक्शनमध्ये साधारण इंडेक्सच्या दीड ते अडीच पट पडतो. इंडेक्स १२ टक्के पडला आणि शेअर २४ टक्के, दुप्पट, ठीक आहे. इंडेक्स ३० टक्के पडला आणि शेअर ४५ टक्के, दीडपटच झाली, म्हणजे खरं तर शेअर चांगला टिकला, इथे ४५ टक्क्यांचा कप मी यादीत ठेवीन. पण इंडेक्स १५ टक्के पडलाय आणि शेअर ४४ टक्के, तर तो जवळपास तिप्पट पडला, त्या शेअरमध्ये काहीतरी वेगळं दुखणं आहे आणि "मंदीत चालतं" म्हणून त्याला पास करणं म्हणजे सूट भलत्यालाच देणं. शिवाय दुसरी गोष्ट, ही सूट अशा कपासाठी आहे जो मंदीत पडला पण पूर्ण झाला मार्केट वळल्यावर. मंदी चालू असतानाच काठावर येऊन पोचलेल्या खोल कपासाठी ती नाही. हा फरक कुणी सांगत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो.

कालावधीचं त्या मानाने सोपं आहे. ७ आठवड्यांपासून ६५ आठवड्यांपर्यंत म्हणतात, बहुतेक चांगले कप तीन ते सहा महिन्यांत होतात. ७ आठवडे ही किमान अट आहे, पण ७ आठवडे झाले म्हणजे पास असं नाही, बघायचं काय तर ते आठवडे कुठे गेले. पाच आठवडे पडण्यात आणि तीन आठवडे सरळ चढण्यात गेले तर आठ आठवडे होतात, अट पूर्ण, पण तळाशी एकही आठवडा नाही. तो व्ही आहे. तळाशी वेळ का पाहिजे? कारण घाबरून विकणाऱ्यांचा माल संपायला आणि तो थंड डोक्याच्या माणसाकडे जायला वेळ लागतो. मला तळाशी तीन चार आठवडे तरी असे पाहिजेत जिथे वीकली क्लोज जवळजवळ एकाच पट्ट्यात येतायत आणि व्हॉल्यूम आटत चाललाय. व्ही कधीच चालत नाही असं नाही, तेजीच्या मार्केटमध्ये चालून जातो, पण पडत्या मार्केटमध्ये व्ही ची उजवी बाजू म्हणजे बहुतेक वेळा शॉर्टवाल्यांची कव्हरिंग असते आणि कव्हरिंग संपली की वर घेणारा कोणी नसतो.

(काही जण अवरली चार्टवर दोन दिवसांचा कप काढून हेच नियम लावतात. तो आकार असेल हो, पण वर जे अडकलेल्यांचं आणि माल हलण्याचं सांगितलं त्यातलं काहीही दोन दिवसांत होत नाही, त्यामुळे या उत्तरातलं तिथे लावू नका.)

हँडलवर जरा थांबू कारण खरा-खोटा जास्त करून इथे कळतो. हँडल म्हणजे काठावर आलेल्या त्या दोन्ही विकणाऱ्यांना बाहेर पडू देण्याची जागा. म्हणून तो खाली झुकलेला पाहिजे, किमान एक आठवडा, बरा म्हणजे दोन तीन आठवडे, ८ ते १२ टक्के खोल, आणि कपाच्या वरच्या अर्ध्यात. वरचा अर्धा म्हणजे काठ आणि तळ यांची बेरीज करून दोनने भागायचं, हँडलचा तळ त्याच्या वर राहिला पाहिजे. ५० दिवसांच्या अ‍ॅव्हरेजच्याही वर राहिला तर उत्तम. आणि खाली येताना व्हॉल्यूम कमी कमी होत गेला पाहिजे, शेवटच्या दोन चार दिवसांत तर अगदी निपचित.

हँडल उलटा वर सरकत असेल, म्हणजे रोजचा लो आधीच्या लो पेक्षा थोडा वर, थोडा वर, असा, तर नवीन माणसाला ते फार आवडतं, वाटतं किती स्ट्राँग आहे बघा, खाली यायलाच तयार नाही. पण यात कुणीच झटकला गेलेला नसतो. विकायला आलेले सगळे अजून आतच आहेत आणि थोड्या चढ्या भावाची वाट बघतायत. असला हँडल ब्रेकआउटनंतर दोन चार दिवसांत मोडण्याची शक्यता जास्त.

आता दोन उदाहरणं आकड्यांनिशी बघू, आकडे समजावण्यापुरते घेतलेत पण प्रमाण अगदी नेहमी दिसतं तसंच आहे.

पहिला शेअर. पाच महिन्यांत १४० वरून २०० ला गेला, म्हणजे ४३ टक्के, आधीची तेजी आहे. मग मार्केट खाली आलं, इंडेक्स १२ टक्के पडला, शेअर २०० वरून १५२ ला आला, २४ टक्के, इंडेक्सच्या दुप्पट. पडायला सात आठवडे लागले. पहिल्या तीन आठवड्यांत व्हॉल्यूम जोरात होता, नंतर उतरत गेला. मग पाच आठवडे १५२ ते १६० मध्ये पडून राहिला, वर्षातले सगळ्यात कमी व्हॉल्यूमचे आठवडे यातच. नंतर आठ आठवड्यांत १९६ ला आला आणि वर येताना चढत्या आठवड्यांचा व्हॉल्यूम उतरत्या आठवड्यांपेक्षा स्पष्ट जास्त. मग अडीच आठवडे हँडल, १९६ वरून १८०, म्हणजे ८ टक्के. कपाचा मध्य १७६, हँडलचा तळ १८०, वरच्या अर्ध्यात आहे. सगळा बेस साधारण सव्वापाच महिन्यांचा. पिव्होट म्हणजे हँडलचा वरचा भाव, १९६, त्याच्या जरा वर एंट्री, आणि त्या दिवशी व्हॉल्यूम ५० दिवसांच्या सरासरीपेक्षा ४० ते ५० टक्के तरी जास्त पाहिजे. पिव्होटपासून ५ टक्क्यांच्या वर, म्हणजे २०६ च्या पुढे पाठलाग करायचा नाही, कारण स्टॉपलॉस ७-८ टक्क्यांवर, १८१-१८२ च्या आसपास येतो आणि वर घेतलं तर साध्या पुलबॅकमध्येच स्टॉप उडतो.

दुसरा शेअर. स्क्रीनवर सहा महिन्यांचा चार्ट, डावा काठ ३००, तळ १६८, उजवा काठ २८५. बघायला पहिल्यापेक्षा देखणा. आता मागे सरकवा. पंधरा महिन्यांपूर्वी हा ४१० ला होता, तिथून पडत पडत २२० झाला, तिथून उसळी घेऊन ३०० ला आला आणि परत पडला. म्हणजे ज्याला आपण डावा काठ म्हणतोय ते मंदीतल्या उसळीचं टोक आहे, आधीची तेजी वगैरे काही नाही. ३०० ते ४१० मध्ये घेतलेली सगळी माणसं अजून वर लटकलेली आहेत. ३०० वरून १६८ म्हणजे ४४ टक्के आणि त्याच काळात इंडेक्स पडला १५ टक्के. पाच आठवडे पडला, तळाशी एक आठवडाही नाही, तीन आठवड्यांत १६८ चा २८५, ७० टक्के. त्यातला मोठा भाग एका गॅपमध्ये, बाकी दिवसांचा व्हॉल्यूम डाव्या बाजूच्या पडत्या दिवसांच्या निम्माही नाही. २०० दिवसांचं अ‍ॅव्हरेज अजून वरून खाली येतंय. हँडल दोन आठवड्यांचा, आठवड्यांचे लो २६२ आणि २७०, वर सरकणारा. मग एके दिवशी २८५ च्या वर २८९ ला गेला, व्हॉल्यूम सरासरीइतकाच, आणि क्लोज दिवसाच्या खालच्या भागात २८६ ला.

हा ब्रेकआउट टेक्निकली झाला की, पिव्होटच्या वर क्लोज आहे. स्कॅनरमध्ये पण येतो. आणि पुढच्या आठवड्यात २७०, त्याच्या पुढच्या आठवड्यात २५५, सात टक्क्यांचा स्टॉप २६६ ला उडालेला. असल्या केसमध्ये लोक म्हणतात पॅटर्न फेल झाला. माझं म्हणणं पॅटर्न नव्हताच, एका खड्ड्यातून शेअर वर आला होता एवढंच.

आता पडत्या मार्केटमध्ये एक वेगळीच गंमत होते ती लक्षात ठेवा, कारण तुमचे एकामागून एक फेल झालेत ते बहुतेक याच प्रकारातले असणार. मंदीत इंडेक्स सरळ रेषेत पडत नाही, मधे मधे जोरदार उसळ्या येतात. अमेरिकेचा एसअँडपी ५०० घ्या, २०२२ मध्ये जानेवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत २३-२४ टक्के पडला, मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत साधारण १७ टक्के वर आला, २०० दिवसांच्या अ‍ॅव्हरेजजवळ पोचून तिथूनच फिरला, आणि ऑक्टोबरमध्ये जूनच्या खाली नवीन तळ केला. आता विचार करा, अशा दोन महिन्यांच्या उसळीत शेअर्सचं काय होतं? जानेवारी ते जून डावी बाजू, जून ते ऑगस्ट उजवी बाजू, ऑगस्टमध्ये इंडेक्स जरा थांबला की सगळ्यांचे हँडल एकदम. इंडेक्सचाच आकार शेकडो चार्टवर छापला जातो. शेअरचं स्वतःचं असं त्यात काही नसतं.

म्हणून स्कॅनरमध्ये अचानक एकाच आठवड्यात ढीगभर कप अँड हँडल यायला लागले आणि सगळ्यांचे तळ एकाच तारखेच्या आसपासचे असतील, तर खूश होऊ नका, आधी इंडेक्सचा चार्ट उघडा. इंडेक्स पडत्या २०० दिवसांच्या अ‍ॅव्हरेजच्या खाली असेल तर तुम्ही खरं तर एकच ट्रेड वीस नावांनी घेताय. इंडेक्स फिरला की वीसही एकदम फेल होणार, आणि प्रत्येकात वेगळा स्टॉपलॉस लावून रिस्क वाटली गेलीय असं जे वाटतं ते अजिबात खरं नाही.

यातून खरा वेगळा काढायला मी रिलेटिव्ह स्ट्रेंथ लाइन वापरतो. आरएसआय नाही हं, ते वेगळं इंडिकेटर. शेअरचा भाव भागिले इंडेक्स, बस, त्याची एक रेघ. उसळीच्या जोरावर वर आलेल्या शेअरची ही रेघ उजव्या बाजूला आडवीच राहते किंवा जरा खालीच जाते, कारण भाव वाढला पण इंडेक्सइतकाच किंवा कमी वाढला. खऱ्याची रेघ भावाच्या आधी वर जाते, भाव अजून काठाच्या खाली असतो आणि रेघ जुन्या उच्चांकाला टेकलेली किंवा वर गेलेली. वर पहिल्या शेअरमध्ये भाव १९६ ला आला तेव्हा इंडेक्स त्याच्या जुन्या उच्चांकापासून ६ टक्के खाली असेल आणि शेअर स्वतःच्या उच्चांकापासून २ टक्के खाली, तर रेघ नव्या उच्चांकावर असणार, साधा भागाकार आहे. दुसऱ्या शेअरच्या रेघेला सहा महिन्यांच्या खिडकीत बघाल तर तीन आठवडे ती पण वर गेलेली दिसेल, ७० टक्के चढलाय म्हटल्यावर जाणारच, पण दीड वर्षाच्या चार्टवर ती जुन्या जागेपासून कुठल्या कुठे खाली आहे. म्हणून ही रेघ पण लांबून बघायची.

आणि हँडलमधला कमी व्हॉल्यूम, त्याचं एक सांगतो. पुस्तकी नियम म्हणतो व्हॉल्यूम आटला म्हणजे विकणारे संपले. पडत्या मार्केटमध्ये व्हॉल्यूम आटण्याचं दुसरं कारण पण असतं, घेणारेच नाहीत, कुणाला त्या शेअरमध्ये रस नाही. चार्टवर दोन्ही सारखंच दिसतं, छोटे बार. फरक कळतो इंडेक्स जोरात पडतो त्या दिवशी. इंडेक्स दीड दोन टक्के खाली आणि शेअर अर्धा टक्का खाली, व्हॉल्यूम तसाच निपचित, तर विकणारे खरंच संपलेत. पण त्याच दिवशी शेअर तीन चार टक्के पडला आणि तेही थोड्याशा व्हॉल्यूमवर, तर खाली आधारच नाही, थोडा माल आला तरी भाव घसरतो. हँडलच्या दोन तीन आठवड्यांत असे इंडेक्सचे काही वाईट दिवस मिळतात पडत्या मार्केटमध्ये, तेवढे बघून घ्या. ही तपासणी तेजीत करता येत नाही कारण तिथे वाईट दिवसच कमी येतात, मंदीचा हा एक फायदा समजा.

सगळ्यात भारी हँडल मला वाटतो तो असा की इंडेक्स आधीच्या तळाच्या खाली गेला, नवीन लो केला, आणि शेअर मात्र हँडलमध्येच, कपाच्या वरच्या अर्ध्यात बसून राहिला. असे फार कमी असतात, पण मार्केट वळल्यावर पहिल्या काही आठवड्यांत नवीन उच्चांक करणाऱ्यांत यांचं नाव असण्याची शक्यता चांगली असते.

मग मार्केट वळलं हे कधी धरायचं. यासाठी ओनीलचीच फॉलो-थ्रूची पद्धत बरी आहे. इंडेक्सने तळ केला, त्यानंतर पहिला जो दिवस वर बंद झाला तो पहिला मोजायचा. तळाचा लो तुटला नाही तर चौथ्या दिवसापासून पुढे असा एक दिवस शोधायचा की इंडेक्स सव्वा टक्का किंवा जास्त वर आणि व्हॉल्यूम आदल्या दिवसापेक्षा जास्त. तळाचा लो तुटला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. पहिल्या तीन दिवसांतली उसळी का धरत नाहीत तर त्यात कव्हरिंगच जास्त असते. हा सिग्नल आला म्हणजे मार्केट वळलंच असं नाही, फेलही होतो, मंदीत तर चांगलाच होतो. पण तो न येता झालेले ब्रेकआउट घेण्यात काही अर्थ नाही एवढं नक्की. आणि आल्यानंतर लगेच दोन तीन आठवड्यांत इंडेक्स जास्त व्हॉल्यूमवर पडायचे दिवस चार पाच साचले, तर समजायचं मोठे लोक उसळीत माल काढतायत, नवीन एंट्री बंद.

ब्रेकआउट घेतलाच असेल तर फेल होतोय हे स्टॉपच्या आधी बरेचदा कळतं. पिव्होटला परत येणं हे फेल होणं नाही, चांगले शेअर पण येतात, व्हॉल्यूम कमी ठेवून येतात आणि एक दोन दिवसांत परत वर. पण ब्रेकआउटच्या दिवशीपेक्षा जास्त व्हॉल्यूमवर हँडलच्या आत क्लोज आला तर मी सात टक्क्यांची वाट बघत नाही, अर्धा माल तिथेच काढतो. हँडलच्या मध्याच्या खाली क्लोज आला की उरलेला पण. पहिल्या शेअरच्या आकड्यांत मध्य १८८ येतो, म्हणजे १९७ च्या एंट्रीवर साधारण साडेचार टक्के नुकसान, आठ ऐवजी. पडत्या मार्केटमध्ये फेल होणारे जास्त असतात म्हणून इथे हा फरक मोठा पडतो. तेजीत मी इतकी घाई करत नाही, तिथे हँडलच्या तळापर्यंत जाऊ देतो.

तुमच्या फेल झालेल्या ट्रेड्सचे चार्ट आता परत उघडा आणि प्रत्येकात तीनच गोष्टी लिहा, दोन वर्षांच्या चार्टवर डावा काठ कुठे येतो, शेअरची घसरण इंडेक्सच्या किती पट होती, आणि ब्रेकआउटच्या दिवशी इंडेक्स २०० दिवसांच्या अ‍ॅव्हरेजच्या वर होता की खाली. तिन्हीत पास होऊन फेल झालेला एखादा असेल तर तो इथे टाका, बघू काय झालं होतं. तसे पण असतात, रिझल्ट खराब आला किंवा काही बातमी आली की चांगला कपही मोडतो, त्याला चार्टवर उत्तर नाही, स्टॉपलॉसच आहे.